पंचलाइन विसरली तर? भर कार्यक्रमात विनोद सावरायचा कसा



गणपती असो, दिवाळी पहाट असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, आपल्या मंडळाचा कार्यक्रम ठरला की निवेदनाची माळ कुणाच्या तरी गळ्यात पडते. शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं असतं, मागं जेवणाचे ट्रे गरम होत असतात, पुढच्या नाचाची मुलं अजून घागऱ्यांच्या नाड्या बांधत असतात आणि कुणीतरी कानाशी येऊन कुजबुजतं, "दोन मिनिटं काढ ना, एखादा विनोद सांग." तुम्ही सांगायला लागता. सगळं छान चाललेलं असतं. आणि नेमकं शेवटचं वाक्य डोक्यातून गायब होतं.

आज आपण याच क्षणाबद्दल बोलणार आहोत. पंचलाइन विसरली, मधला दुवा राहिला किंवा वेळ चुकली, तर दीडशे माणसांसमोर काय करायचं? हे माईक हातात असणाऱ्यांसाठी आहेच. पण समोर खुर्चीत बसणाऱ्यांसाठीही आहे, कारण विनोद सावरण्यात त्यांचाही हात असतो. ते शेवटी बघू.

आधी एक साधा विनोद घेऊ. पुढचं सगळं त्याच्यावरच समजून घेता येईल.

पुण्याहून आजोबा पहिल्यांदाच मुलाकडे परदेशात आले. पहिल्याच सकाळी मुलानं ऑफिसला जाताना बजावलं, "बाबा, कुणीही बेल वाजवली तरी दार उघडायचं नाही. आतूनच सांगायचं, मुलगा ऑफिसला गेलाय, संध्याकाळी या." आजोबांनी वाक्य घोकून पाठ केलं. अर्ध्या तासानं मुलगाच परत आला. लॅपटॉप घरी राहिला होता, आणि किल्लीही. त्यानं बेल वाजवली, "बाबा, दार उघडा, मी आहे!" आजोबा आतून म्हणाले, "मुलगा ऑफिसला गेलाय, संध्याकाळी या!"

या विनोदाचे तीन भाग आहेत. मुलानं सकाळी दिलेलं वाक्य, मुलाचं परत येणं, आणि तेच वाक्य आजोबांनी मुलालाच ऐकवणं. मधली गोष्ट तुम्ही कशीही सांगू शकता. आजोबा पुण्याचे असोत वा नागपूरचे, मुलगा लॅपटॉप विसरो वा डबा, काही बिघडत नाही. पण पहिलं वाक्य राहून चालत नाही आणि शेवटचं बदलून चालत नाही. आपण फसतो तेही याच दोन जागी, आणि तिसरी जागा म्हणजे हशाची वेळ.

आता पहिली फजिती. तुम्ही "बाबा, दार उघडा, मी आहे!" इथपर्यंत आलात आणि पुढं काहीच आठवत नाही.

अशा वेळी आपल्या तोंडून आपोआप "अं... म्हणजे... थांबा हं... काय होतं ते..." असं सुरू होतं. हे पहिलं टाळायचं. तोंड मिटा आणि एक श्वास घ्या. तुम्हाला तो काळ युगासारखा वाटेल, पण समोरच्यांना दोन-तीन सेकंदांची शांतता ही गोष्टीतलीच शांतता वाटते. दाराबाहेर मुलगा उभा आहे, आत आजोबा विचार करताहेत, असंच ते समजतात. तुम्ही विसरलात ही बातमी अजून फक्त तुमच्याकडे आहे. "अं" आणि "म्हणजे" ती फोडतात.

श्वास घेतल्यावर शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा, थोडं जोर देऊन. "मुलगा बाहेरून ओरडतोय, अहो बाबा, दार उघडा, मी आहे!" पाढे म्हणताना अडकलो की आपण एक ओळ मागं जातो, तसंच हे आहे. मागचं वाक्य पुढच्याला ओढून आणतं. शिवाय ऐकणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, उलट मुलगा वैतागलाय असंच वाटतं. बऱ्याचदा काम इथंच होऊन जातं.

तरीही नाही आठवलं तर? मग कबूल करा, पण एकाच वाक्यात, आणि जमलं तर गोष्टीतच राहून. उदाहरणार्थ, "आणि आजोबा आतून जे म्हणाले, ते मंडळी, फक्त आजोबांनाच आठवतंय!" किंवा, "आजोबांनी वाक्य पाठ केलं होतं, मी नाही केलं!" यावर लोक हसतात. कधी कधी मूळ विनोदापेक्षा जास्त हसतात, कारण विसरणं हा त्यांच्याही रोजचा अनुभव आहे. इथं महत्त्वाचं हे की हशा आला की लगेच पुढच्या कार्यक्रमाची घोषणा करायची. "सॉरी हं, सकाळपासून इतकी धावपळ आहे ना, काल पाठ होतं मला, आता बघा..." असं सुरू केलंत की लोकांना तुमची काळजी वाटायला लागते. आणि काळजी वाटली की हसू थांबतं.

यानंतर एक मजेशीर संधी उरते. पंचलाइन बहुतेक वेळा दहा मिनिटांनी, भलत्याच क्षणी आठवते. तेव्हा ती वाया घालवू नका. लहान मुलांचा नाच संपला, टाळ्या झाल्या, तुम्ही माईकपाशी आलात, की म्हणा, "मंडळी, आजोबांनी दार उघडलेलंच नाही अजून. ते आतून म्हणाले, मुलगा ऑफिसला गेलाय, संध्याकाळी या!" आधी आठवण करून देणारं एक छोटं वाक्य हवं, नाहीतर लोकांना संदर्भ लागत नाही. मात्र आरती, श्रद्धांजली किंवा देणगीदारांचा सत्कार, यांच्या आगेमागे हे करू नका. आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला असेल, तर सोडून द्या. लोकांच्या डोक्यातून आजोबा केव्हाच गेलेले असतात.

विसरूच नये म्हणून काय करावं? हातातल्या कार्डावर पूर्ण विनोद लिहू नका. ऐन वेळी त्या ओळींत नेमका शब्द सापडत नाही आणि मान खाली जाते. फक्त शेवटचं वाक्य लिहा, मोठ्या अक्षरांत. "ऑफिसला गेलाय, संध्याकाळी या." बाकीची गोष्ट तुम्ही आपल्या शब्दांत सांगणारच आहात. आणि तयारी करताना आधी हे शेवटचं वाक्य मोठ्यानं दहादा म्हणा, मग गोष्टीची सुरुवात करा. आपण नेहमी उलटं करतो. सुरुवात वीस वेळा घोकतो आणि शेवटापर्यंत पोचेतो कंटाळतो.

दुसरी फजिती जास्त अवघड असते. पंचलाइन लख्ख आठवते आहे, पण तुमच्या लक्षात येतं की सकाळी मुलानं दिलेली सूचना सांगायचीच राहिली. आता आजोबा "संध्याकाळी या" म्हणाले, तर लोकांना वाटेल की आजोबांना ऐकू कमी येतं.

पंचलाइन अजून उच्चारली नसेल, तर सगळं वाचवता येतं. "अरे हो, एक सांगायचं राहिलं" असं म्हणू नका. त्यानं गोष्ट फाटते. राहिलेला दुवा पात्राच्या डोक्यात घाला. "आता आजोबांना आठवलं, मुलानं सकाळीच बजावलं होतं, कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही, आतूनच सांगायचं, मुलगा ऑफिसला गेलाय, संध्याकाळी या. आजोबा शिस्तीचे. ते आतून म्हणाले..." दुवा जागेवर बसला. मजा थोडी कमी होते, कारण तेच वाक्य इतक्या जवळ जवळ दोनदा येतं. म्हणून मध्ये "आजोबा शिस्तीचे" यासारखं एखादं छोटं वाक्य घालायचं, म्हणजे दोन्हींमध्ये थोडं अंतर पडतं.

पण पंचलाइन बोलून झाली असेल आणि लोक कोऱ्या चेहऱ्यानं बघत असतील, तर दुवा आता सांगू नका. मागाहून समजावलेल्या विनोदावर लोक भिडेखातर हसतात, आणि ते हसू तुम्हालाही कळतं. तेव्हा एक सावरणारं वाक्य म्हणा आणि पुढं चला. "हा विनोद दाराबाहेरच राहिला वाटतं" एवढं पुरे.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी जुन्यांना जॉनी कार्सन आठवत असेल. 1962 पासून 1992 पर्यंत, तीस वर्षं त्यानं 'द टुनाइट शो' चालवला. सुरुवातीच्या भाषणातला विनोद पडला की तो पडला हे तो लपवत नसे. चेहरा पाडायचा, एखादी टिप्पणी करायचा, आणि लोक त्या फजितीवर खदखदून हसायचे. त्याची ही हातोटी इतकी प्रसिद्ध झाली की पडलेला विनोदही कार्यक्रमाचाच भाग वाटे. यात आपल्याला घेण्यासारखं एवढंच की पडलं ते पडलं म्हणायचं, हलक्या आवाजात, एकदाच. दुसरं सावरणारं वाक्य म्हटलंत की ती हशासाठी केलेली विनवणी होते. आणि "मागच्या वर्षी दुसऱ्या मंडळात लोक फार हसले होते" हे तर कधीच म्हणू नका. त्याचा अर्थ, तुम्हीच मठ्ठ आहात, असा होतो.

आता तिसरी फजिती, वेळेची. यात आपली मराठीच आपल्याला एक गमतीदार खोडा घालते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणून घाईत आपण पंचलाइन अशी सांगतो, "मुलगा ऑफिसला गेलाय, संध्याकाळी या, असं आजोबा त्याला आतून म्हणाले." लोकांना हसू येतं "संध्याकाळी या" वर. पण तुम्ही अजून बोलताय म्हटल्यावर, पुढं काहीतरी आणखी आहे असं समजून ते हसू आवरतात आणि ऐकू लागतात. पुढं निघतं काय, तर "असं आजोबा म्हणाले." हशा तिथंच विरतो. विनोद चांगला होता, सांगणाराही चांगला होता, पण एका शेपटीनं घात केला. म्हणून "आजोबा आतून म्हणाले" हे आधी, मग क्षणभर थांबा, मग आजोबांचं वाक्य, आणि त्यानंतर एकही शब्द नाही.

बोलताना चुकून शेपटी सुरू झालीच आणि समोर हसू फुटताना दिसलं, तर "असं आज..." इथंच थांबा. वाक्य पूर्ण करायची सवय असते, पण हे अर्धं राहिलं तरी कुणाचंही काही अडत नाही.

वेळ चुकण्याचं दुसरं कारण म्हणजे हशा चालू असतानाच पुढचं बोलायला लागणं. हशा लाटेसारखा असतो. चढतो, भरतो, ओसरतो. तो पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली तर सभागृह गार पडतं, आणि भर लाटेत बोललात तर तुमचं वाक्य कुणालाच ऐकू जात नाही. ओसरायला लागला की बोलायचं. चुकून आधी बोललात, तर अर्धवट पुढं रेटू नका. थांबा, आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणा. लोकांना ते दुसऱ्यांदा म्हटलंय हे कळतही नाही, कारण पहिल्यांदा ऐकूच आलेलं नसतं.

आणि आपल्याकडच्या सभागृहांत आणखी एक गोष्ट घडते, जी पुण्या-मुंबईत सहसा घडत नाही. इथं हशा दोन हप्त्यांत येतो. पहिला हप्ता मराठी नीट कळणाऱ्यांचा. मग जरा कुजबुज होते. कुणी अमराठी जावयाला सांगत असतं, कुणी सूनबाईला, कुणी बारा वर्षांच्या नातवाला. आणि तीन-चार सेकंदांनी दुसरा, छोटा हशा येतो. निवेदकाला वाटतं, ही कुजबुज म्हणजे लोक कंटाळले, आणि तो घाईनं पुढं पळतो. मग भाषांतर करणारा बिचारा मध्येच अडकतो आणि त्याच्या शेजारच्याला पुढचंही कळत नाही. तेव्हा कुजबुज ऐकू आली की गप्प राहा. पाण्याचा घोट घ्या, कार्ड बदला. तो दुसरा हशा तुमच्याच कमाईचा आहे. फक्त "तिकडं उशिरा पोचला वाटतं!" असा टोमणा मारू नका. ज्याला भाषा येत नाही आणि तरी आपल्या कार्यक्रमाला येऊन बसला आहे, त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळवणं बरं नाही.

वेळ चुकण्याचा एक प्रकार मात्र या सगळ्याहून वेगळा आहे. तुम्ही आजारपणावर, वयावर किंवा घटस्फोटावर काहीतरी बोलून गेलात, आणि समोरच्या घरात नेमकं तेच चालू आहे. इथं सावरणारं वाक्य चालत नाही, दुसरा विनोद तर नाहीच. माईकवर "हे बोलायला नको होतं, माफ करा" एवढं साध्या आवाजात म्हणा आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळा. कुणाचं नाव घेऊ नका, त्यांच्याकडे बघूही नका. मध्यंतरात त्यांच्यापाशी जाऊन बसा. तिथं काय बोलायचं ते तुम्हाला सुचेल.

आता समोर बसणाऱ्यांबद्दल. आपल्या मराठी परंपरेत विनोद एकट्याच्या खांद्यावर कधी नव्हताच. तमाशातली बतावणी बघा. त्यात सोंगाड्या बोलतो आणि दुसरा त्याला विचारत राहतो, अडवतो, त्याचंच वाक्य फिरवून परत देतो. एखादा शब्द निसटला तर दुसरा तो उचलतो, आणि बघणाऱ्याला तीही बतावणीच वाटते. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या ताज्या गोष्टी आयत्या वेळी घालत. समोरच्यानं लगेच झेलल्याशिवाय हा खेळ रंगत नाही. घरी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण "हं... मग?" म्हणत हुंकार द्यायचो, तेही याच जातीचं.

हा "मग?" आपल्याला परदेशात फार उपयोगी आहे, विशेषतः मुलांसाठी. समजा तुमची दहा वर्षांची मुलगी रंगमंचावर हाच आजोबांचा विनोद मराठीतून सांगते आहे. महिनाभर पाठ केलाय. "बाबा, दार उघडा, मी आहे" पर्यंत आली आणि अडकली. तेव्हा पहिल्या रांगेतून आई, बाबा, काका, सगळे एकदम ओरडतात, "संध्याकाळी या! संध्याकाळी या!" आपण मदत करतोय असंच त्यांना वाटत असतं. पण विनोद आता तिचा राहिला नाही. सभागृह हसतं, ते ओरडणाऱ्यांकडे बघून. शिवाय तिच्या उच्चारांचं कुणी कौतुकानं "किती गोड!" म्हणून हसलेलं असतं, तेही तिनं ऐकलेलं असतं. पुढच्या वर्षी ती म्हणते, मी नाचात जाते, मराठी बोलायचं नाही. आपण कारण शोधत बसतो.

त्याऐवजी आधीच ठरवून एकाच माणसाला तिचा जोडीदार करा. आजी, मोठा भाऊ, कुणीही. तो बाजूला उभा राहील किंवा पहिल्या रांगेत बसेल, आणि ती अडकली तर फक्त विचारेल, "मग? आजोबा काय म्हणाले?" पंचलाइन तो सांगणार नाही. एवढ्या प्रश्नानं तिला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि गोष्ट कुठं आली होती तेही कळतं. तरी नाहीच आठवलं, तर त्यानं फक्त पहिला शब्द द्यायचा, "मुलगा..." बाकीचं वाक्य ती पूर्ण करेल. शेवटचा शब्द तिच्या तोंडून निघाला की हशाही तिचाच.

घरी याची तालीम करताना एक गंमत करून बघा. जेवणाच्या टेबलावर मुलाला विनोद सांगायला लावा आणि ठरवून, मध्येच कुठंतरी, त्याला विसरल्याचं नाटक करू द्या. मग तोंड मिटायचं, श्वास घ्यायचा, मागचं वाक्य पुन्हा म्हणायचं. कुणीतरी "मग?" विचारायचं. तरी नाही, तर "आजोबांनाच आठवतंय!" म्हणून हात झटकायचे. तीन-चार वेळा असं मुद्दाम विसरून झालं की खरोखर विसरण्याची भीती जाते, कारण त्यानंतर काय करायचं ते पाठ झालेलं असतं. मोठ्यांनीही करून बघायला हरकत नाही. येत्या कार्यक्रमाचं निवेदन कुणाच्या गळ्यात पडेल, ते कुठं आपल्या हातात असतं!

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. आणि कुणी बेल वाजवली तर दार उघडा बरं का, कदाचित मुलगाच असेल. नमस्कार!